टाइमशीटमधले २.७५ तास: तास-मिनिटं कशी काढायची आणि घोळ कुठे होतो

टाइमशीटवर २.७५ तास म्हणजे २ तास ४५ मिनिटं, म्हणजेच पावणेतीन तास. पाऊण तास ४५ मिनिटांचा असतो हे सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे इथे फारसं कोणाचं अडत नाही. अडतं ते खालच्या ओळीत, जिथे ३.३३ किंवा ४.१७ लिहिलेलं असतं. तिथे हात सवयीने ‘३ तास ३३ मिनिटं’ लिहून मोकळा होतो. तो आकडा दिसायलाही इतका बरोबर दिसतो की तपासणारा त्यावर थांबत नाही. खरं उत्तर आहे ३ तास २० मिनिटं.

ही चूक आपल्याकडे जास्त होते, आणि त्याला कारण आहे. मराठीत घड्याळातली वेळ लिहितानाही आपण टिंबच देतो. नाटकाच्या जाहिरातीत ‘शिवाजी मंदिर, दु. ३.४५ वा.’ असतं, लग्नपत्रिकेत मुहूर्त ‘सकाळी ११.२३’ छापलेला असतो, आणि ८.४२ ची लोकल चुकली की पुढची किती वाजता हे मुंबईत कोणालाही तोंडपाठ असतं. या टिंबाच्या उजवीकडे मिनिटं असतात आणि ती ५९ च्या पुढे कधी जात नाहीत. टाइमशीटमधलं टिंब मात्र दशांश चिन्ह आहे. त्याच्या उजवीकडचा आकडा सांगतो की एका तासाचे शंभर भाग केले तर त्यातले किती भाग काम झालं. पावणेतीन रुपये २.७५ असे लिहितो, कारण ७५ पैसे हे शंभरातले ७५ असतात, इथेही तसंच. फरक एवढाच की रुपयाचे पैसे शंभर असतात आणि तासाची मिनिटं साठ.

मग कंपन्या सरळ तास-मिनिटंच का लिहीत नाहीत? कारण पुढे त्या वेळेला दराने गुणायचं असतं. ताशी ४०० रुपये दर असेल तर १४.७५ गुणिले ४०० केलं की थेट ५,९०० रुपये मिळतात. ‘१४ तास ४५ मिनिटं’ला असं गुणता येत नाही, आधी दशांशात आणावंच लागतं. म्हणून बिलिंगचं आणि पगाराचं सॉफ्टवेअर दशांशात बोलतं, तर माणसाला, गेटवरच्या पंचिंग मशीनला आणि बऱ्याच कंपन्यांच्या टाइमशीटला तास-मिनिटं लागतात. या दोघांच्या मध्ये जो बसलेला असतो, त्याला हे रूपांतर करावं लागतं.

रीत एका ओळीची आहे. टिंबाच्या डावीकडचा आकडा म्हणजे पूर्ण तास. त्याला हात लावायचा नाही. उजवीकडचा भाग टिंबासकट घ्यायचा आणि ६० ने गुणायचा. ०.७५ × ६० = ४५. झालं.

कॅल्क्युलेटर जवळ नसेल तर तोंडी करण्याचा एक सोपा मार्ग आहे. शंभरातले भाग साठात आणायचे म्हणजे त्यांचे ६० टक्के घ्यायचे. ६० टक्के म्हणजे निम्मे आणि वर दहावा हिस्सा. ७५ चे निम्मे साडेसदतीस, दहावा हिस्सा साडेसात, बेरीज ४५. तसंच ८३ चे निम्मे ४१.५, दहावा हिस्सा ८.३, बेरीज ४९.८, म्हणजे ५० मिनिटं. यातून ताळा करायची एक खूणही हाती लागते: मिनिटं नेहमी टिंबानंतरच्या दोन आकड्यांपेक्षा कमीच यायला हवीत. ८३ ची ५० झाली, १७ ची १०, ३३ ची २०. उत्तर तेवढंच किंवा जास्त आलं तर गुणाकार राहून गेला आहे किंवा उलटा झाला आहे. अपवाद फक्त .०० चा, आणि .०१ या अगदी चिमुकल्या आकड्याचा, जिथे जवळचं पूर्ण मिनिट घेताना दोन्ही आकडे सारखे येतात.

आता एक आठवडा पूर्ण करून पाहू. समजा, पवईतल्या एका छोट्या डिझाइन एजन्सीत काम करणारी मुलगी एका क्लायंटच्या कामाची वेळ मोजणीच्या ॲपमध्ये नोंदवते. शुक्रवारी संध्याकाळी ॲपमधून निघालेल्या यादीत तास दशांशात आहेत. तिच्या कंपनीच्या टाइमशीटमध्ये मात्र प्रत्येक दिवसासाठी दोन चौकटी आहेत, एक तासांची आणि एक मिनिटांची.

| वार | ॲपमधले तास | × ६० केल्यावर | टाइमशीटमध्ये |
|---|---|---|---|
| सोमवार | २.७५ | ४५ | २ तास ४५ मि. |
| मंगळवार | ३.३३ | १९.८ | ३ तास २० मि. |
| बुधवार | १.८३ | ४९.८ | १ तास ५० मि. |
| गुरुवार | ४.१७ | १०.२ | ४ तास १० मि. |
| शुक्रवार | २.६७ | ४०.२ | २ तास ४० मि. |

तासांची बेरीज १२, मिनिटांची १६५. मिनिटांतून ६० चे दोन हातचे काढले की २ तास आणि ४५ मिनिटं राहतात. एकूण १४ तास ४५ मिनिटं. ॲपमधल्या दशांशांची बेरीज केली तर १४.७५ येते. दोन्ही जुळतात, म्हणजे टाइमशीट बरोबर भरली गेली.

हेच आकडे टिंब घड्याळाचं समजून भरले तर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. सोमवारी मिनिटांच्या चौकटीत ७५ टाकले तर बहुतेक ठिकाणी चौकट ते घेणारच नाही. ८३ आणि ६७ चंही तेच. इथे माणूस थांबतो, विचार करतो आणि या तीन ओळी दुरुस्त करतो. पण ३३ आणि १७ हे आकडे चौकट बिनतक्रार घेते, कारण ते साठच्या आत आहेत. मंगळवार ३ तास ३३ मिनिटांचा होतो, गुरुवार ४ तास १७ मिनिटांचा, आणि आठवडा १५ तास ५ मिनिटांवर जातो. क्लायंटला २० मिनिटं जास्त लागली. मला ही अर्धवट दुरुस्त झालेली टाइमशीट पूर्ण चुकलेल्या टाइमशीटपेक्षा जास्त घातक वाटते. पूर्ण चुकलेली कोणीतरी परत पाठवतो. हिच्यात मात्र तीन ओळी बरोबर असल्यामुळे उरलेल्या दोनही बरोबरच असतील असं धरलं जातं.

उलट दिशेचा घोळ कामगाराच्या खिशावर येतो. समजा, हाताने लिहिलेल्या वहीत तास-मिनिटं आहेत आणि समोरची शीट दशांश मागते. कोणीतरी २ तास ४५ मिनिटांना २.४५, ३ तास २० मिनिटांना ३.२० असं टाइप करत गेलं, तर वरच्याच आठवड्याचे आकडे होतात २.४५, ३.२०, १.५०, ४.१० आणि २.४०. त्यांची बेरीज १३.६५. खरे तास १४.७५ होते. १.१० तास, म्हणजे १ तास ६ मिनिटं, हवेत विरली. ताशी ४०० रुपयांच्या दराने ५,९०० ऐवजी ५,४६० रुपये निघतात. ४४० रुपयांचा फटका, तोही एका आठवड्यात एका कामावर.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. चूक लक्षात आल्यावर पुष्कळ जण बेरजेलाच दुरुस्त करू पाहतात: ‘१३.६५ म्हणजे १३ तास ६५ मिनिटं, म्हणजे १४ तास ५ मिनिटं’. हेही चूकच, ४० मिनिटं कमी. कारण शीटने बेरीज करताना मिनिटांचा हातचा साठाला धरलाच नाही, शंभराला धरला. १६५ मिनिटांतली १०० मिनिटं ‘१ तास’ म्हणून डावीकडे गेली आणि त्या प्रत्येक हातच्यात ४० मिनिटं बुडाली. १३.६५ या आकड्यात असे किती हातचे गेले आहेत हे नुसत्या बेरजेवरून सांगता येत नाही. त्यामुळे बेरीज दुरुस्त होत नाही. एकेक ओळ मागे जाऊनच दुरुस्त करावी लागते. हिशोबाच्या माणसाने ‘फक्त टोटल सांगा, मी बदलतो’ म्हटलं तरी त्याला पाचही ओळी द्या.

साठाचा हातचा आपल्याला काही नवा नाही. पंचांगात दिवसाच्या ६० घटका आणि घटकेची ६० पळं असतात. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे दशांशात बरोबर ०.४ तास.

दुसऱ्याने भरलेला रकाना हातात आला आणि त्यातलं टिंब कुठलं हे कळत नसेल तर काय करायचं? पहिली खूण उघड आहे. टिंबानंतर ६० ते ९९ मधला एकही आकडा दिसला, समजा .७५ किंवा .९२, तर निदान ती ओळ तरी दशांशात आहे. उलट, दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींत एकही आकडा .५९ च्या वर नसेल तर संशय घ्यायला जागा आहे. रकान्यात .१५, .३०, .४५ सारखे दिसत असतील तर तो घड्याळाचं टिंब देऊन भरलेला असण्याचीच शक्यता जास्त. दशांशात पाव, अर्धा आणि पाऊण तास .२५, .५० आणि .७५ असे दिसले असते.

दुसरी खूण फारशी कोणी सांगत नाही, पण ती फार उपयोगी आहे. पूर्ण मिनिटं दशांशात बदलून दोन स्थळांपर्यंत लिहिली तर शेवटचा अंक फक्त ०, २, ३, ५, ७ किंवा ८ असू शकतो. एक मिनिट .०२, दोन मिनिटं .०३, तीन .०५, चार .०७, पाच .०८, सहा .१०, आणि पुढे दर सहा मिनिटांनी हेच चक्र फिरत राहतं. १, ४, ६ आणि ९ हे अंक शेवटी येतच नाहीत. म्हणून एखाद्या दिवसाच्या नोंदीत २.४१ किंवा ३.१६ दिसलं, तर ते ४१ किंवा १६ मिनिटं टिंब देऊन टाइप केलेली असण्याचा दाट संभव आहे. ही खूण दोन ठिकाणी चालत नाही. ॲप सेकंदापर्यंत वेळ मोजत असेल तर शेवटी कुठलाही अंक येऊ शकतो. आणि बेरजेच्या आकड्याला ती लावायची नाही, फक्त एकेका नोंदीला. २.४५ सारखा आकडा दोन्हींकडे बसतो: घड्याळाचा असेल तर ४५ मिनिटं, दशांशाचा असेल तर २७. तिथे आल्या-गेल्याची वेळ काढून पाहण्याला पर्याय नाही.

आता त्या १९.८ आणि ४९.८ मिनिटांबद्दल. वीस मिनिटं म्हणजे तासाचा एक तृतीयांश, आणि तो दशांशात ०.३३३३… असा संपतच नाही. ॲपने तो ०.३३ वर कापला आणि ६० ने गुणल्यावर वीसाला थोडा कमी आला. अशा वेळी जवळचं पूर्ण मिनिट घ्यायचं, खालचं नव्हे. १९.८ चे १९ लिहिले तर एक मिनिट विनाकारण गेलं. दोन दशांश स्थळं असली तर हे बिनधास्त करता येतं. शेवटच्या स्थळातली जास्तीत जास्त चूक ०.००५ तासाची, म्हणजे १८ सेकंदांची असते. ती अर्ध्या मिनिटापेक्षा कमी असल्यामुळे जवळचं मिनिट घेतलं की मूळ मिनिट नेमकं परत मिळतं.

एकच दशांश स्थळ असेल तर ही खात्री नाही. ०.१ तास म्हणजे ६ मिनिटं. वकिलांच्या बिलात वेळेचा हा तुकडा नेहमीचाच आहे. पण २ तास ४५ मिनिटांचे २.७५, आणि ते एका स्थळावर आणले की २.८ होतात. २.८ वरून परत तास-मिनिटं काढली तर २ तास ४८ मिनिटं येतात. मधली तीन मिनिटं कुठल्याही गुणाकाराने परत येणार नाहीत. ॲपमध्ये किती स्थळं हवीत हे निवडता येत असेल तर दोन निवडा.

हीच छोटी काटछाट बेरजेत साठत जाते. रोज २० मिनिटांची सकाळची मीटिंग असेल आणि महिन्यात २२ दिवस काम झालं, तर खरा वेळ ४४० मिनिटं, म्हणजे ७ तास २० मिनिटं. पण ०.३३ ची २२ वेळा बेरीज ७.२६ येते आणि तिची ७ तास १६ मिनिटं होतात. चार मिनिटं गेली. म्हणून आधी प्रत्येक ओळ मिनिटांत आणायची आणि मग मिनिटांची बेरीज करायची. वरच्या पवईच्या उदाहरणात दोन्ही बेरजा जुळल्या, कारण तिथे दोन आकडे खाली आणि दोन वर कापले गेले होते. दर वेळी असं होत नाही.

एक्सेलमध्ये हे करायचं तर एक गोष्ट माहीत हवी: एक्सेल वेळ दिवसाच्या भागात साठवतं. त्याच्या लेखी १ म्हणजे एक दिवस. म्हणून तासांना २४ ने भागून सेलला वेळेचा फॉरमॅट द्या, असं सगळीकडे सांगितलं जातं. २.७५ ला ते चालतं, २:४५ दिसतं. पण ३.३३ ला २४ ने भागलं की आत ३ तास १९ मिनिटं ४८ सेकंद असतात, आणि फॉरमॅट तास-मिनिटांचा असला की एक्सेल सेकंद सरळ लपवतं, जवळचं मिनिट घेत नाही. पडद्यावर ३:१९ दिसतं. म्हणून आधी मिनिटं पूर्ण करून घ्यायची आणि मग दिवसाच्या १४४० मिनिटांनी भागायचं. दशांश तास A2 मध्ये असतील तर शेजारच्या सेलमध्ये हे लिहा आणि खाली ओढा:

```
=ROUND(A2*60,0)/1440
```

मग त्या सेलना, बेरजेच्या सेललाही, फॉरमॅट सेल्समधल्या कस्टम रकान्यात जाऊन हा फॉरमॅट द्या:

```
[h]:mm
```

चौकोनी कंस सोडू नका. त्यांच्याशिवाय एक्सेल बेरजेला घड्याळातली वेळ समजतं आणि २४ तास झाले की पुन्हा शून्यापासून मोजतं. आठवड्याचे ४५.५ तास भरले असतील तर बेरजेत २१:३० दिसतं, म्हणजे पूर्ण २४ तास गायब. कंस दिले की ४५:३० दिसतं. गुगल शीट्समध्येही हाच कस्टम फॉरमॅट चालतो.

परत दशांशात जायचं असेल तर वेळेच्या सेलला २४ ने गुणा आणि त्या सेलचा फॉरमॅट ‘नंबर’ करा. नाहीतर २.७५ च्या जागी भलतीच वेळ दिसेल. आणि मुळात वेळ भरताना टिंब न देता अपूर्णविरामच द्या, २:४५ असा. टिंब दिलं की एक्सेल तो साधा आकडा धरतं, आणि पावणेतीन तासांचे २ तास २७ मिनिटं होतात.